उलटा तीन आणि हरवलेला ‘ह’

दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून बघू. त्या मी नमुन्यादाखल रचल्या आहेत, पण अशा वह्या कुठल्याही मराठी शाळेच्या कपाटात सापडतील.

एक वही पहिलीतल्या मुलीची. वय सहा वर्षं. तिने काढलेल्या ३ ची तोंडं भलत्याच बाजूला आहेत, इतकी की तो ६ वाटावा. इंग्रजी 7 सुद्धा उलटा. ‘घर’च्या जागी ‘धर’ आहे, ‘थवा’च्या जागी ‘यवा’. पानाच्या उजव्या कडेला जागा उरली नाही, तेव्हा तिने आपलं नाव उजवीकडून डावीकडे लिहिलंय, आरशात दिसावं तसं. मात्र पाटीवर ‘बदक’ लिहून दाखवलं, तर ती एकेका अक्षरावर बोट ठेवत शब्द जुळवून वाचते. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरेल, असं विचारलं की लगेच ‘मळ’ म्हणते.

दुसरी वही तिसरीतल्या मुलाची. वय साडेआठ. अक्षर सुबक, एकही अक्षर उलटं नाही. फळ्यावरून उतरवलेलं सगळं बिनचूक. श्रुतलेखनाचं पान उलटलं की चित्र बदलतं. ‘भाकरी’ची ‘बाकरी’ झालेली असते, ‘खिडकी’ची ‘किडकी’, ‘घोडा’चा ‘गोडा’. ‘रस्ता’ हा शब्द ‘रसता’ असा लिहिलेला असतो. पुस्तकातला धडा तो घडाघडा वाचतो, कारण वर्गात ऐकून ऐकून तो पाठ झालाय. न पाहिलेला चार ओळींचा उतारा समोर ठेवला, की तो पहिलं अक्षर बघून शब्दाचा अंदाज बांधतो आणि दुसऱ्या ओळीपर्यंत दमतो.

पालकसभेत चिंतेने वर येते ती पहिली वही. दुसरी बहुतेक वेळा ‘अक्षर छान आहे, शुद्धलेखनाकडे लक्ष द्या’ असा शेरा घेऊन घरी जाते. माझ्या मते काळजी करायची ती दुसऱ्या वहीची, आणि पहिलीला थोडा वेळ द्यायचा.

पहिल्या वहीतल्या उलट्या अक्षरांचं कारण मेंदूच्या एका जुन्या आणि उपयोगी सवयीत आहे. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच. मूल जन्मल्यापासून हेच शिकत आलेलं असतं: गाय कुठल्याही बाजूला तोंड करून उभी राहिली तरी ती गायच. वस्तू ओळखताना डावं-उजवं गाळून टाकणं ही आपल्या दृष्टीची स्वाभाविक रीत आहे. वाचन मात्र मानवाने गेल्या काही हजार वर्षांतच शोधून काढलं. त्यासाठी मेंदूत जन्मतः वेगळी जागा नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास दहान यांनी दाखवून दिलं आहे, की वाचायला शिकताना मेंदूच्या डाव्या बाजूचा, वस्तू आणि चेहरे ओळखण्याच्या भागाला लागूनच असलेला एक पट्टा अक्षरांच्या कामाला जुंपला जातो. तो पट्टा आपली जुनी सवयही सोबत घेऊन येतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच सांगितलं जातं, की या एका बाबतीत तोंड कुठे आहे यावर सगळं अवलंबून आहे. ही सवय मोडायला काही महिने, कधी दोन वर्षंही लागतात. तोवर अक्षरं उलटतात, आणि एकाच पानावर सुलटी आणि उलटी अशी दोन्ही रूपं दिसतात.

त्यातही मुलं मनमानी उलटवत नाहीत. ज्याँ-पॉल फिशर या फ्रेंच संशोधकाने पाच-सहा वर्षांच्या मुलांचं लेखन तपासलं, तेव्हा 1, 2, 3, 7, 9 हे अंक आणि J, Z ही अक्षरं इतरांपेक्षा खूप जास्त वेळा उलटलेली आढळली. ही सगळी डावीकडे तोंड असलेली चिन्हं. रोमन लिपीतली B, C, E, F अशी बहुतेक अक्षरं उजवीकडे उघडतात, आणि मूल नकळत नियम बांधतं की अक्षरांनी उजवीकडेच पाहायचं असतं. मग ते 3 लाही उजवीकडे वळवतं. उलटा 3 काढणाऱ्या मुलाने खरं तर लिपीचा एक कल ओळखलेला असतो, फक्त अपवाद शिकायचे राहिलेले असतात. अशा लेखनाचा डावखुरेपणाशीही ठोस संबंध सापडलेला नाही, त्यामुळे त्यासाठी मुलाचा हात बदलायला लावू नये.

तरीही उलटी अक्षरं म्हणजे डिस्लेक्सिया हे समीकरण आपल्या मनात इतकं घट्ट का बसलं? त्याचं मूळ शंभर वर्षं मागे जातं. अमेरिकेतल्या आयोवात सॅम्युएल ऑर्टन नावाचे डॉक्टर वाचता न येणाऱ्या हुशार मुलांना तपासत होते. १९२५ साली त्यांनी असा सिद्धान्त मांडला, की मेंदूच्या दोन अर्ध्यांत अक्षरांच्या एकमेकांविरुद्ध प्रतिमा साठतात आणि या मुलांमध्ये डावा अर्धा उजव्यावर मात करू शकत नाही. मुलांच्या शिक्षणासाठी ऑर्टन यांनी फार मोठं काम केलं, पण कारणाबाबतचा त्यांचा हा अंदाज पुढे टिकला नाही. सत्तरच्या दशकात इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचनात मागे असलेल्या मुलांच्या चुका मोजल्या, तेव्हा बहुतांश चुका उलटेपणाच्या नव्हत्याच. फ्रँक वेल्युटिनो यांनी आणखी सोपी गोष्ट केली. ‘was’ हा शब्द ‘saw’ असा वाचणाऱ्या मुलांना त्यांनी तो बघून लिहायला सांगितला. मुलांनी तो बरोबर लिहिला, आणि वाचायला सांगितल्यावर चुकीचा वाचला. डोळ्यांना नीट दिसत होतं, अडत होतं ते चिन्हापासून उच्चारापर्यंत पोचण्यात. आज या क्षेत्रातले जवळजवळ सगळे अभ्यासक मानतात, की डिस्लेक्सियाचं मूळ प्रामुख्याने शब्दातले आवाज वेगळे करण्याच्या आणि ते चिन्हांशी चटकन जोडण्याच्या अडचणीत असतं. २००७ साली आलेल्या ‘तारे जमीं पर’ने डिस्लेक्सिया हा शब्द घराघरात नेला, हे त्या चित्रपटाचं ऋण आहे. त्यातली उलटी अक्षरं लोकांच्या जास्त लक्षात राहिली, आणि उच्चाराची अडचण पडद्यावर दिसण्यासारखी नसल्यामुळे मागे पडली.

आता आपल्या लिपीकडे येऊ, कारण इंग्रजी पुस्तकांतले इशारे जसेच्या तसे मराठी वहीला लावता येत नाहीत. इंग्रजीत b उलटला की d होतो, म्हणजे उलटं अक्षर हे दुसरं अक्षर बनतं. देवनागरीत अशी आरशातली जोडी जवळजवळ नाही. ‘त’ किंवा ‘ज’ कुणी उलटा काढला तर ते दिसायला विचित्र होतं, पण त्याचं दुसरं अक्षर होत नाही. अपवाद म्हणावेत तर ३ आणि ६ हे अंक, आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या, ज्या अक्षराच्या दोन बाजूंना एकमेकींकडे तोंड करून उभ्या असतात. तमिळनाडूत डँझिगर आणि पेडरसन या संशोधकांना एक लक्षणीय गोष्ट आढळली होती. फक्त तमिळ लिपी शिकलेल्या प्रौढांना आकृती आणि तिची आरशातली प्रतिमा वेगळी मानण्याची फारशी सवय नव्हती, कारण त्या लिपीत तशी गरजच पडत नाही. त्यामुळे मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी शिकणारं मूल b आणि d मध्ये गोंधळलं, तर त्याच्या मराठीने त्याला यासाठी तयार केलेलं नसतं, हेही लक्षात घ्यावं.

देवनागरीतला गोंधळ वेगळ्या जागी असतो: एकसारख्या दिसणाऱ्या अक्षरांत. घ आणि ध, म आणि भ, य आणि थ या तीन जोड्या सर्वांत जास्त त्रास देतात, कारण त्या चुकल्या की अर्थ बदलतो. घन आणि धन, मान आणि भान, माळ आणि भाळ. या तिन्ही जोड्यांत फरक एकच आहे. ध, भ आणि थ यांच्या डोक्यावर डावीकडे एक गाठ असते आणि त्या गाठीपाशी शिरोरेषा तुटते. घ, म आणि य यांना गाठ नाही, आणि त्यांची शिरोरेषा अखंड असते. सहा अक्षरं सहा वेगळी चित्रं म्हणून पाठ करण्यापेक्षा हा एक नियम मुलाला दिला, की तिन्ही जोड्या एकदम सुटू लागतात. मुलाला गाठीपासून सुरुवात करायला शिकवायचं आणि ‘गाठ आली की रेघ थांबली’ असं लिहिताना मोठ्याने म्हणायला लावायचं. शिरोरेषा शेवटी द्यायची. अनेक मुलं संपूर्ण शब्द लिहून झाला की वरून एक सलग रेघ ओढतात, आणि ती रेघच ‘धन’चा ‘घन’ करून टाकते. हाताने अक्षर गिरवण्याला इथे पर्याय नाही. फ्रान्समध्ये मारिके लाँगकाँ यांच्या प्रयोगात, कळफलकावर बोट दाबून अक्षरं शिकलेल्या मुलांपेक्षा हाताने लिहून शिकलेल्या मोठ्या बालवाडीकरांना अक्षराची खरी बाजू जास्त चांगली ओळखता आली होती.

बाकीचे सारखे दिसणारे गट लवकर सुटतात. प, ष, फ किंवा व, ब, क यांत एखादी तिरपी रेघ किंवा एक जास्तीचा फाटा असतो. ट, ठ, ढ, द यांत गोलाचा फरक असतो, ड आणि ङ यांत एका टिंबाचा. नियम एवढाच पाळावा, की सारखी दिसणारी दोन अक्षरं एकाच दिवशी शिकवू नयेत. घ पक्का झाल्यावर, मधे इतर अक्षरं घेऊन, मग ध.

मुद्दा खरा सुरू होतो तो इथे. मुलाने घ ऐवजी ध लिहिला, तर ही चूक डोळ्याची आणि हाताची आहे: दोन चित्रं सारखी होती. मुलाने घ ऐवजी ग लिहिला, तर ती वेगळ्या जातीची चूक आहे. ग आणि घ दिसायला अजिबात सारखे नाहीत. सारखे आहेत ते आवाज, फरक फक्त मागून येणाऱ्या ‘ह’च्या झोताचा. क-ख, ग-घ, ट-ठ, द-ध, प-फ, ब-भ या जोड्या मराठीत अर्थ ठरवतात, आणि दुसऱ्या वहीतला मुलगा नेमका तो ‘ह’ हरवतोय. ‘बाकरी’, ‘किडकी’ आणि ‘गोडा’ यांत अक्षर चुकीच्या बाजूला वळलेलं नाही. शब्दाचे आवाज सुटे करून प्रत्येकाला त्याचं चिन्ह देणं त्याला जमत नाहीये. ‘रस्ता’मधला अर्धा स सुटतो तोही याच कारणाने.

इथे एका घाईपासून मात्र सावध राहायला हवं. मराठी बोलताना शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी आलेला ‘ह’चा झोत आपण मोठी माणसंही गिळतो. ‘दूध’चं ‘दूद’ आणि ‘वाघ’चा ‘वाग’ पुष्कळ घरांत ऐकू येतो. मूल जसं ऐकतं तसं लिहिणार. म्हणून पारखायचं ते शब्दाच्या सुरुवातीला, जिथे तो झोत स्पष्ट असतो. ‘दूध’ चुकलं तर दुर्लक्ष करावं, ‘धूर’चं ‘दूर’ वारंवार झालं तर टिपून ठेवावं. तसंच खानदेशात किंवा वऱ्हाडात घरी ‘पानी’ म्हणत असतील आणि मूल वहीत ‘पानी’ लिहीत असेल, तर ती घरची बोली आहे, दोष नव्हे. श आणि ष यांतला फरक, किंवा ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी, हे तर उच्चारात आता उरलेलंच नाही असं म्हणता येईल. त्यावरून मुलाच्या वाचनक्षमतेबद्दल कसलाही निष्कर्ष काढू नये. अमेरिकेत शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांकडून ब-भ, द-ध यांची अदलाबदल होते, तीही बहुतेक वेळा इंग्रजीत हा फरक अर्थ बदलत नाही म्हणून.

मग घरच्या घरी कसं ओळखायचं? एकच शब्द तीन वाटांनी तपासायचा: बघून लिहिणं, ऐकून लिहिणं आणि वाचणं. घर, धन, भाकरी, मका, थवा, यज्ञ, घोडा, खिडकी असे आठ-दहा शब्द घ्या. आज ते बघून लिहायला सांगा, दोन दिवसांनी तेच ऐकून, आणखी दोन दिवसांनी कार्डावर वाचायला. ही परीक्षा आहे असं मुलाला वाटू देऊ नका, आणि चूक झाली तरी त्या वेळी खोडू नका, फक्त तारखेसह लिहून ठेवा.

बघून लिहितानाच गाठी सुटत असतील, ओळ धरून ठेवता येत नसेल किंवा हात दुखत असेल, तर आधी डोळे तपासून घ्यावेत आणि पेन्सिल कशी धरली जाते ते पाहावं. चष्म्याच्या नंबरामुळे अक्षर उलटत नाही, पण फळ्यावरची ध ची गाठ मागच्या बाकावरून धूसर दिसू शकते. बघून बरोबर, वाचताना बरोबर, आणि ऐकून लिहिताना मात्र घ-ध ची गल्लत, असं असेल तर अक्षराचं चित्र अजून हातात बसलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. आपल्या पहिल्या वहीतली मुलगी इथे आहे. ऐकून लिहिताना ‘घोडा’चा ‘गोडा’ होत असेल, तर कागद बाजूला ठेवा आणि नुसतं विचारा: ‘घोडा’ आणि ‘गोडा’ हे सारखे वाटतात की वेगळे? सारखे वाटत असतील तर कान तपासायला हवेत. वारंवार सर्दी आणि कान फुटणं यामुळे काही मुलांना असे बारीक फरक ऐकूच येत नाहीत. वेगळे ऐकू येतात, बोलतानाही वेगळे येतात, पण लिहिताना आणि वाचताना एक होतात, तर अडचण आवाज आणि चिन्ह जोडण्यात आहे. तिसरीतला मुलगा इथे सापडतो.

आणखी एक तपासणी फार उपयोगी पडते: अर्थ नसलेले शब्द वाचायला देणं. ‘लुमा’, ‘टेगो’, ‘भिसणी’, ‘थाकू’. पाठांतर आणि अंदाज यांचा इथे उपयोग होत नाही. पहिलीतली मुलगी ‘थाकू’ अडखळत, कदाचित ‘याकू’ असा वाचेल, पण प्रत्येक अक्षराला हात घालेल. तिसरीतला मुलगा ‘थाकू’ला ‘चाकू’ म्हणून मोकळा होईल. आणि तो किती वेळ घेतो हेही पाहावं. मराठीत लिहिलं तसं वाचता येतं, त्यामुळे अशी मुलं मेहनतीने बरोबर वाचायला शिकतातही, पण त्यांचं वाचन संथच राहतं. निव्वळ चुका मोजल्या तर ही मुलं निसटतात.

तपासणीनंतरचा खरा कस लागतो तो शिकवण्याला मिळणाऱ्या प्रतिसादावर. रोज दहा मिनिटं, दोन महिने. गाठीच्या नियमाने घ-ध सुटू लागले, पानावरच्या दहा चुकांच्या चार झाल्या, तर वाट बरोबर आहे. आवाजांवर तितकंच काम करूनही ‘बाकरी’ तशीच राहिली, तर वाट बघत बसू नये.

अंकांचा विचार वेगळा करायला हवा, कारण मराठीत एक जास्तीची अडचण आहे. एकटा ३ उलटणं हा अक्षर उलटण्याचाच प्रकार. पण ‘त्रेपन्न’ ऐकून मूल ३५ लिहितं, तेव्हा ते काहीच उलटं पाहत नसतं. ‘त्रेपन्न’मध्ये आधी तीन ऐकू येतात, मग पन्नास, मुलाने ऐकलं त्या क्रमाने लिहिलं. ‘एकोणसाठ’ ऐकून ६९ लिहिणं हेही तसंच: शेवटी नऊ येतो हे त्याला माहीत असतं, आणि कानावर साठ पडलेला असतो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशी वाचनपद्धत सुचवली, त्यावर मोठा गदारोळ झाला. विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा मांडलेली अडचण हीच होती. भाषेबद्दल कुणाचं मत काहीही असो, मुलांची ती अडचण खरी आहे, आणि दुसरी-तिसरीपर्यंत अशा चुका होणं स्वाभाविक आहे. सेमी-इंग्रजी वर्गात तर आणखी एक भर पडते: देवनागरी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो, आणि दोन्ही अंकलेखनं एकाच आठवड्यात वापरायची असतात. गणिताची खरी अडचण ओळखायची तर लिहिणं बाजूला ठेवून राशी विचाराव्यात. ३५ शेंगदाण्यांचा ढीग मोठा की ५३ चा? दहा-दहाच्या पुरचुंड्या करून त्रेपन्न मांडता येतात का? हे जमत असेल तर अंकांची अदलाबदल सुटेल. आठव्या वर्षीही कोणती संख्या मोठी हेच कळत नसेल, पाच आणि तीन मिळवायला दर वेळी बोटं पहिल्यापासून मोजावी लागत असतील, तर ते दाखवायला हवं, मग अंक सुलटे का असेनात.

वयाची रेघ कुठे ओढावी? रोमन अक्षरं आणि अंक उलटणं साधारण सातव्या वर्षापर्यंत सर्रास दिसतं, आणि दुसरी संपेपर्यंत ओसरतं. आपल्या लिपीला मात्र चिन्हं पुष्कळ आहेत: मुळाक्षरं, त्यांची बाराखडी, जोडाक्षरं, आणि र ची ती सगळी रूपं. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास केला, तेव्हा अक्षरं शिकण्याचं काम पहिल्या वर्षात न संपता प्राथमिक शाळेत पुढे काही वर्षं चालू राहतं असं दिसलं. मराठीची बाराखडीही तशाच बांधणीची आहे. म्हणून दुसरीत ‘प्र’ आणि ‘र्प’ची गल्लत होणं, किंवा ‘खिडकी’तली वेलांटी नेमक्या कुठल्या अक्षराची याचा गोंधळ होणं, ही उशिराची खूण नाही. पहिली संपत आली तरी निम्मी मुळाक्षरं ओळखता येत नाहीत, काल पक्कं झालेलं अक्षर आज पूर्ण अनोळखी असतं, ‘कमळ’चे तुकडे तोंडी पाडता येत नाहीत, बोलणं उशिरा सुरू झालं होतं, आई-वडिलांपैकी किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला वाचनाचा असाच त्रास होता, यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर सहाव्या वर्षीही थांबण्याचं कारण नाही. आणि नीट लिहिणाऱ्या मुलाची अक्षरं अचानक उलटू लागली, सोबत डोकेदुखी, हात लुळा पडणं किंवा बोलण्यात बदल असेल, तर तो शाळेचा विषय नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

मराठी मुलाला मराठीतूनच तपासायला हवं, इंग्रजी यादीवरून नव्हे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची चाचणी हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही तयार केली आहे. तिचे चाळणीचे तक्ते शिक्षकांनी भरायचे असतात आणि ते पहिली-दुसरीसाठी वेगळे, तिसरी ते पाचवीसाठी वेगळे आहेत. निदान मात्र मानसशास्त्रज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक मिळून करतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आहे, आणि केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्रासाठी आठ वर्षांचं वय धरलं. याचा अर्थ अनेक शाळा ‘आठ वर्षांचा होऊ द्या, मग बघू’ असा लावतात, आणि त्यात मुलाची दोन मोलाची वर्षं जातात. प्रमाणपत्र परीक्षेतल्या सवलतींसाठी लागतं. आवाज आणि अक्षर जोडण्याचा सराव पहिल्यापासून सुरू करायला कुणाच्याही कागदाची गरज नाही. रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम अशा गोष्टींवर पैसे घालवू नयेत. डिस्लेक्सियावर त्यांचा उपयोग होतो याला आधार नाही, हे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नेत्रतज्ज्ञांसह २००९ सालीच स्पष्ट केलं होतं.

तपासणीला जाताना मुलाची सर्वांत चांगली वही नेऊ नये. वर्षाच्या सुरुवातीची एक आणि आताची एक, दोन्हींत श्रुतलेखनाची पानं असलेली, खोडरबर न वापरलेली अशी न्यावी. वर सांगितलेल्या तीन वाटांच्या नोंदी तारखांसह द्याव्यात आणि घरी कोणती बोली बोलतात ते आपणहून सांगावं. तपासणाऱ्याने मुलाला एकही अनोळखी उतारा न वाचायला देता, नुसती उलटी अक्षरं पाहून निदान सांगितलं, तर दुसऱ्या तज्ज्ञाकडे जावं.